शेवटच्या पाळीचं ताट आधी: रेस्टॉरंटमधल्या स्टाफ खान्याचं नियोजन

रात्री सव्वाबाराला शेवटचं टेबल उठलं की आमच्याकडे आठ माणसं जेवायला बसायची. भगोन्याच्या तळाशी सकाळी अकराची डाळ, तीही दोनदा पाणी घालून वाढवलेली. भाजी संपलेली असायची. रोट्या गारढोण, पण सेव भरपूर. एका रात्री आमच्या तंदूरवाल्यानं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "भैया, दिन वालों का ही पेट होता है क्या?" मला उत्तर देता आलं नाही, कारण खर्चाच्या वहीत त्याचं ताट आणि सकाळच्या पाळीचं ताट एकाच भावाचं लिहिलेलं होतं.

हा लेख त्या ताटाबद्दल आहे. आमचं रेस्टॉरंट इंदूरच्या जुन्या भागात आहे. शुद्ध शाकाहारी, साठ खुर्च्यांचं. पटावर २८ माणसं. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे रोज चार जण सुट्टीवर आणि २४ हजर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी माणसं नव्हे, ताटं मोजा

"स्टाफ चोवीस, म्हणून चोवीस जणांचं बनवा", ही पहिली चूक. कोण किती तास थांबतो आणि त्या वेळात त्याला किती वेळा भूक लागते, हे वेगवेगळं असतं. आमच्याकडे तीन पाळ्या आहेत. सकाळची पाळी ९ ते ६, सात जण. ब्रेक शिफ्ट ११ ते साडेतीन आणि पुन्हा संध्याकाळी सव्वासहा ते साडेअकरा, नऊ जण. शेवटची म्हणजे क्लोजिंगची पाळी दुपारी ४ ते रात्री १, आठ जण.

मी पूर्ण जेवणाला एक ताट धरतो आणि नाश्त्यासारख्या गरम खाण्याला अर्धं. सकाळच्या पाळीला अर्धं अधिक एक. ब्रेक शिफ्टवाल्यांचा अख्खा दिवस आपल्याकडेच जातो, मधल्या पावणेतीन तासांत घरी जाऊन कोणी स्वयंपाक करत नाही, म्हणून त्यांना दोन पूर्ण. क्लोजिंगला एक अधिक अर्धं.

यात एक गोष्ट हमखास राहून जाते. स्टाफच्या खोलीवर राहणारा मुलगा सुट्टीच्या दिवशी कुठे जेवतो? बाहेरगावाहून आलेल्या मुलांना खोली देतो तेव्हा त्यांची चूलही आपणच असतो. आमच्याकडे सुट्टीवरच्या चौघांत सरासरी दोघे खोलीवरचे असतात. त्यांची दोन वेळची ताटं पूर्वी "थोडं जास्त टाक" या हिशेबात जायची आणि शेवटी क्लोजिंगच्या वाट्यातून कापली जायची. आता ती मोजली जातात.

बेरीज अशी होते. सकाळच्या जेवणाला ७, ९ आणि खोलीवरचे २, एकूण १८ ताटं. संध्याकाळच्या जेवणाला ९, ८ आणि २, एकूण १९. दिवसाची ३७ पूर्ण ताटं आणि १५ अर्धी. हा आकडा रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी फळ्यावर लिहायचा. उपवास कोणाला आहे, डबा कोण आणणार आहे, हे रात्री आठच्या आत ज्याचं त्यानं त्याच फळ्यावर मांडायचं. श्रावणी सोमवारी आणि नवरात्रात फळा न पाहता डाळ चढवली तर निम्मी परत येते. उपवासाची साबुदाणा खिचडी हा वरचा लाड नाही, ती त्या माणसाच्या ताटाची अदलाबदल आहे. म्हणजे तेवढी डाळ-रोटी कमी झाली पाहिजे.

दिवस शेवटून मागे आखा

बहुतेक ठिकाणी स्टाफ खाना सकाळपासून पुढे आखला जातो. अकराला बनवा, जे उरेल ते पुढे सरकवा. असं केलं की तोटा नेहमी शेवटच्याच्याच वाट्याला येतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, भगोन्याचा तळ शेवटी येतो एवढंच. म्हणून मी उलटं करतो. दिवसाचं शेवटचं ताट आधी ठरवतो आणि तिथून मागे येतो.

आमचं शेवटचं ताट रात्री पावणेबाराचं. ते अर्धं आहे, पण ताजंच हवं. पूर्वी क्लोजिंगला पूर्ण जेवण सव्वाबाराला मिळायचं, म्हणजे चारला आलेला माणूस आठ तास चहावर. भरगच्च सर्व्हिसच्या मधोमध, साडेनऊच्या सुमाराला, पोटात काही नसायचं, आणि घरी जाऊन दोनला झोपताना मात्र पोट तुडुंब. दोन्ही वेळा चुकीच्या. आता पूर्ण जेवण सहाला मिळतं आणि रात्री हलकं, गरम. बहुतेक वेळा मूगडाळीची खिचडी, कधी शेंगदाणे घातलेले पोहे, थंडीत भाज्या घातलेला दलिया.

खिचडी आठ जणांची: माणशी ५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे ४०० आणि २४० ग्रॅम. पाच लिटरच्या कुकरमध्ये आरामात होते. पावणेअकराला भिजवायची, सव्वाअकराला फोडणी, साडेअकराला झाकण. पावणेबाराला चौघे बसतात, चौघे शेवटची टेबलं सांभाळतात, मग अदलाबदल. कुकर बंद असला की दुसऱ्या चौघांनाही ती वाफेतली मिळते. रोट्यांना हे सुख नाही, म्हणूनच रात्रीच्या खाण्यात रोटी ठेवायची नाही.

हे कागदावर सोपं दिसतं, पण पहिल्या आठवड्यात चार रात्री खिचडी झालीच नाही. कारण अगदी साधं होतं. आमचा स्टोअरवाला नऊला घरी जातो आणि स्टोअरला कुलूप लागतं. क्लोजिंगवाल्यांच्या हातात तांदूळच नसायचे. आता दुपारी चारला, संध्याकाळच्या डाळीलाही हात लागण्याआधी, रात्रीचा शिधा वजन करून वेगळ्या डब्यात जातो. डब्यावर "रात" अशी चिठ्ठी. हा डबा कमी पडलेल्या संध्याकाळच्या डाळीसाठी उघडायचा नाही, हा आमच्याकडे एकमेव कडक नियम आहे.

तिथून मागे आलं की संध्याकाळचं जेवण. गिऱ्हाईक पावणेसातपासून येतं, शनिवारी त्याआधीही. म्हणजे सहा चाळीसला शेवटचं ताट धुवायला गेलं पाहिजे. दोन पंगती: सहाला क्लोजिंगचे आठ, सहा वीसला ब्रेक शिफ्टचे नऊ. खोलीवरचे ज्या पंगतीत जागा असेल तिथे. पावणेपाचला डाळ चढते. तंदूर पाचला पेटतो आणि सर्व्हिसच्या आधी त्याला काम नसतं, म्हणून संध्याकाळच्या रोट्या तंदूरवरच लागतात.

ब्रेक शिफ्टची हजेरी मी सव्वासहापासून लावतो, म्हणजे जेवणाची वीस मिनिटं कामाच्या वेळेत धरतो. आधी ती साडेसहापासून लागायची आणि "जेवायचं असेल तर लवकर या" असं होतं. त्याचा अर्थ जेवणाची किंमत आपण त्यांच्या वेळेतून वसूल करत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

सकाळचं जेवण अकरा आणि अकरा वीसला. पहिल्या पंगतीत ब्रेक शिफ्ट, दुसरीत सकाळची पाळी, कारण तिला सव्वानऊला पोहे मिळालेले असतात. दरवाजा बाराला उघडतो. नव्वद रोट्या लाटायला आणि भाजायला दोन माणसांची पाऊण तासाची बैठक लागते. सकाळी ती कोणाकडे नसते. म्हणून सकाळी भात जास्त आणि रोट्या कमी, किंवा सरळ जाडे टिक्कड: संख्या निम्मी, पीठ तेवढंच. संध्याकाळी उलट, रोट्या जास्त आणि भात कमी. दिवसाचं माप सारखंच राहतं.

दोन पंगती असतील तर आणखी एक सवय लावा. पहिली पंगत बसण्यापूर्वी दुसऱ्या पंगतीची भाजी वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवायची. डाळ वाढवता येते, भाजी वाढवता येत नाही. भांडणं नेहमी भाजीवरून होतात.

एका ताटात काय आणि केवढ्याला

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम श्रमाचं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० कॅलरी आणि ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे २,१०० कॅलरी आणि ४६ ग्रॅम. भट्टीपुढे आणि बशा उचलण्यात नऊ तास काढणारा माणूस मध्यम श्रमाच्या खाली नक्कीच नाही. आपल्या एका ताटातून त्याला दिवसाच्या गरजेच्या चाळीस टक्क्यांच्या वर मिळावं, असा माझा बेत असतो.

सरासरी ताटाचं कच्चं माप खाली दिलं आहे. भाव माझ्या एका महिन्याच्या बिलांतले आहेत, भाजी चोइथराम मंडीची आणि किराणा सियागंजचा. तुम्ही तुमचे भाव घाला.

| जिन्नस | कच्चं वजन | रुपये |
|---|---|---|
| कणीक | १५० ग्रॅम | ५.१० |
| तांदूळ | ७० ग्रॅम | ३.१० |
| डाळ | ४५ ग्रॅम | ४.९५ |
| भाजी | १५० ग्रॅम | ४.५० |
| तेल | १५ ग्रॅम | २.१० |
| दही (ताकासाठी) | ६० ग्रॅम | ४.२० |
| कांदा, टोमॅटो, मसाला | | ३.०० |
| गॅस | | ३.०० |

बेरीज ३० रुपयांच्या पाच पैसे आत. ढोबळ हिशेबानं यात साडेअकराशे कॅलरी आणि पस्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात.

या यादीत नजर ठेवायची ती डाळीवर. भात कमी पडला तर पोरं लगेच ओरडतात, भाजी कमी पडली तर भांडतात. डाळ कमी पडली तर कोणाला कळतच नाही, कारण पाणी घातलं की भगोना भरलेलाच दिसतो. माणशी ४५ ग्रॅम सुक्या डाळीतून दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. ती २० ग्रॅमवर आली की साडेचार उरतात, आणि ताटाचा खर्च फक्त पावणेतीन रुपयांनी कमी होतो. एवढ्या बचतीसाठी एवढा तोटा, तोही कोणाला न कळता, दुसऱ्या कुठल्याच जिनसात होत नाही. म्हणून डाळ मुठीनं किंवा वाटीनं नव्हे, सुकी असताना काट्यावर मोजायची. सकाळी १८ ताटांना ८१० ग्रॅम, संध्याकाळी १९ ताटांना ८५५ ग्रॅम. बाकी सगळं अंदाजानं चाललं तरी चालेल.

अर्ध्या ताटाला, म्हणजे पोहे किंवा खिचडी आणि वर थोडी सेव, मी १३ रुपये धरतो. हजर २४ जणांना दोन वेळचा चहा, कपाला सहा रुपये, म्हणजे २८८. मग दिवसाचा हिशेब असा: ३७ ताटांचे १,११०, १५ अर्ध्या ताटांचे १९५, चहाचे २८८. एकूण १,५९३ रुपये. महिन्याला ४७,८०० च्या आसपास. खास जेवणाचे सव्वातीन हजार, त्याबद्दल पुढे येईलच. सगळं मिळून ५१,००० रुपये, पटावरच्या माणसामागे १,८०० च्या थोडं वर.

भाजीच्या भावाला घाबरून ताट बदलू नका. पावसाळ्यात टोमॅटो चढला तर स्टाफच्या डाळीला टोमॅटोऐवजी कैरीचा किंवा आमचुराचा आंबटपणा द्या. दुधी, भोपळा, कोबी यांपैकी काही ना काही मंडीत स्वस्त असतंच. भाजीचं वजन कायम ठेवून भाजी बदलायची.

सहा दिवसांचं चक्र

मेनू सोमवार ते रविवार असा ठरवला की एक गंमत होते. ज्याची सुट्टी मंगळवारी, त्याला मंगळवारची भाजी कधीच मिळत नाही. आमच्याकडे मंगळवारी खास जेवण असायचं, कारण मंगळवारी गिऱ्हाईक कमी. आणि तीन जणांची सुट्टीही मंगळवारीच, कारण गिऱ्हाईक कमी. ते तिघं सात महिने बाफल्याच्या, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, गोष्टी नुसत्या ऐकत होते.

उपाय फुकटचा आहे: मेनू सहा दिवसांचा करा. आठवडा सात दिवसांचा असल्यामुळे प्रत्येक पदार्थ दर आठवड्याला एक दिवस मागे सरकतो आणि कुणाच्याही सुट्टीला कायमचा चिकटून राहत नाही. आमचं चक्र असं आहे. तूरडाळ आणि दुधी. काळे चणे, भात आणि कोशिंबीर. मूगडाळ आणि बटाटा-फ्लॉवर. कढी आणि सोयाबीन वडीची भाजी. मसूर आणि पालक. सहावा दिवस खास.

कढीच्या दिवशी सोयाबीन वडी मुद्दाम आहे. कढीत बेसन थोडंच असतं आणि ताक पातळ, त्यामुळे त्या दिवशी प्रथिनं कमी पडतात. माणशी १५ ग्रॅम सुकी वडी घातली की सात-आठ ग्रॅम भरून निघतात. पोरांना वडी आवडत नाही, हे खरं आहे. कोमट पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, मग जिरावन मसाला घालून कोरडी परतली तर खातात. पिळली नाही तर तिचा तो वास राहतो आणि सगळी वडी कचऱ्यात दिसते.

खास दिवशी बहुतेक वेळा डाळ-बाफले असतात. कारण चवीचं आहे तसं सोयीचंही आहे: बाफले सकाळीच उकडून ठेवता येतात आणि दोन्ही पंगतींच्या आधी ताजे भाजता येतात, म्हणजे संध्याकाळच्या लोकांना शिळं मिळत नाही. ताटामागे २५ रुपये वाढतात. प्रत्येकाला दिवसातून एकदाच, म्हणजे २६ जणांचे ६५० रुपये, महिन्यात पाच वेळा. खास दिवस शनिवारी किंवा रविवारी आला तर सोमवारच्या मेनूशी अदलाबदल करायची. गर्दीच्या दिवशी बाफले भाजत बसलात तर मुख्य कारीगर तुमच्याशी बोलणार नाही.

उरलेलं कुठवर चालेल

स्टाफ खाना म्हणजे उरलेल्याची विल्हेवाट नाही, पण उरलेलं वाया घालवणंही मला पटत नाही. रेघ कुठे ओढायची ते ठरलेलं असावं.

कच्चं उरलेलं बिनधास्त वापरा. फ्लॉवरचे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, पनीरसाठी दूध घरी फाडत असाल तर त्याचं पाणी. त्या पाण्यात कणीक भिजवली की रोट्या मऊ राहतात. ग्राहकाच्या ताटातून परत आलेलं कोणालाच द्यायचं नाही, मग ते हात न लावलेलं दिसत असलं तरी.

शिजवून उरलेल्याचा प्रश्न अवघड आहे. नियम असा: गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर. थंड करून ठेवायचं तर पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांपर्यंत खाली आणायचं. पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७५ अंश. मोठा भगोना तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून उथळ ट्रेमध्ये पसरायला लागतं. खुपसायचा थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या.

भाताच्या बाबतीत मी यापेक्षाही कडक आहे. भातातल्या बॅसिलस सेरियस जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, भात ओट्यावर कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा परतल्यानं जात नाही. दुपारचा भात ओट्यावर ठेवून रात्री फोडणीचा भात करणं हे इंदूरच्या मे महिन्यात उलट्यांना आमंत्रण आहे. कोणी सांगितलं की "रात्रवाल्यांसाठी भात ठेवलाय", तर तो भात लगेच ट्रेमध्ये पसरून फ्रिजमध्ये गेला होता का, एवढंच विचारा.

मखनीसारखी रेस्टॉरंटची उरलेली ग्रेव्ही आठवड्यातून एकदा ठीक. रोज दिली तर क्रीम आणि तेल माणसाच्या पोटात जातं आणि दुपारी तीनला सगळे पेंगतात.

कोण बनवणार

सगळीकडे स्टाफ खाना सगळ्यात नव्या हेल्परच्या गळ्यात पडतो. त्याला अजून फोडणी जमत नाही आणि त्याच्या हातचं अठरा माणसं खातात. आमच्याकडे आता तीन हातांची फेरी आहे. ज्याचा आठवडा, त्याच्याबरोबर एक हेल्पर. हेल्पर चिरतो, भिजवतो, लाटतो. मीठ-तिखट कारीगराचं. मुख्य कारीगर काकांनी आधी विरोध केला, "माझं काम गिऱ्हाइकाचं आहे." मी म्हटलं, "काका, तुम्ही फक्त पहिली पंगत वाढायच्या आधी एक चमचा चाखा आणि वहीत सही करा." सही करायची म्हटल्यावर डाळ आपोआप घट्ट झाली.

खर्च वेगळा दिसला पाहिजे

स्टाफचा शिधा मुख्य स्टोअरमधून निघतो आणि वेगळा लिहिला नाही तर तो विक्रीच्या खर्चात मिसळतो. समजा महिन्याची विक्री २० लाख आणि वापरलेला माल ६ लाख २० हजारांचा. वरकरणी मालाचा खर्च ३१ टक्के. त्यातले ५१ हजार स्टाफच्या खाण्याचे वजा केले की ५ लाख ६९ हजार राहतात, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या थोडं आत. हा अडीच टक्क्यांचा फरक माहीत नसेल तर मालक कारीगरावर संशय घेतो, कारीगर भाजीवाल्यावर, आणि शेवटी कात्री स्टाफच्या डाळीवर चालते.

वही साधी ठेवा: तारीख, ताटं किती, डाळ-पीठ-तांदूळ-तेलाचं वजन, कोणी बनवलं, सही. पाच मिनिटांचं काम आहे. ते स्टोअरवाल्यानं करावं, स्वयंपाक करणाऱ्यानं नाही.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

विचारून कळत नाही. मालक समोर असला की सगळे "बढ़िया है" म्हणतात. मी तीन गोष्टी पाहतो.

पहिली, उष्टं. इंदुरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावाच लागतो, त्यामुळे स्टाफच्या पंगतीची ओली बालदी वेगळी ठेवून तोलणं सोपं जातं. वजनापेक्षा त्यात काय आहे ते महत्त्वाचं. रोट्यांचे तुकडे दिसले तर रोट्या लवकर झाल्या आणि वाळल्या. भात दिसला तर डाळ पातळ होती.

दुसरी, सेव. आपल्या गावात जेवण बेचव झालं की माणूस तक्रार करत नाही, वर सेव टाकतो. स्टाफच्या डब्यातली सेव आठवड्याला दोन किलो जायची. ज्या महिन्यात तंदूरवाल्यानं ते ताट मला दाखवलं, त्या महिन्यात ती आठवड्याला साडेचार किलोवर गेली होती. वहीत आकडा होता, मी वाचला नव्हता.

तिसरी नाजूक आहे. रात्री दहानंतर कापून ठेवलेलं पनीर आणि तळणाचे काजू कमी होऊ लागतात. याला चोरी म्हणून कॅमेरे बसवलेले मी पाहिले आहेत. आधी घड्याळ बघा. पनीर दहा ते अकराच्या मध्ये कमी होत असेल तर ते भुकेचं आहे. आमच्याकडे पूर्ण जेवण सहाला आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून पनीरचा हिशेब जुळायला लागला. कोणाला एक शब्द बोलावा लागला नाही.

ज्या दिवशी आखणी मोडते

वर्षात काही दिवस हे वेळापत्रक चालत नाही. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, रस्ते बंद होतात आणि सकाळची भाजीची गाडी आत येत नाही. आदल्या दिवशीच चणे भिजवून ठेवा आणि बटाटे आणून ठेवा, बाकी काही लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री सजवलेल्या देखाव्यांच्या झांक्या निघतात, गिऱ्हाईक पहाटेपर्यंत येत राहतं, क्लोजिंगची पाळी तीनपर्यंत जाते आणि ब्रेक शिफ्टलाही थांबावं लागतं. त्या रात्री "रात" डबा आठ जणांचा नाही, सतरा जणांचा भरायचा, आणि दोन वेगळे डबे करायचे: एक पावणेबाराचा, एक दोनचा. गेल्या वर्षी मी दोनचा डबा विसरलो. तीनला सगळे बाहेर पडलो तेव्हा सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतही बहुतेक दुकानं आवरलेली होती आणि तंदूरवाला माझ्याकडे बघून नुसता हसला.